तीस सेकंदांत मावणारी ओळख

शाळकरी मुलांना मी ऑनलाइन गणित शिकवते. शिक्षकांची ओळख देणाऱ्या ज्या दोन ठिकाणी माझे प्रोफाइल आहे, त्यांपैकी एका ठिकाणी तीस सेकंदांची ध्वनिफीत जोडता येते आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ जोडता येतो. दोन्ही जागा मी बरेच महिने रिकाम्या ठेवल्या होत्या, कारण प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या मजकुरात सगळे आलेच आहे, तेच पुन्हा तोंडाने कशाला सांगायचे, असे मला वाटत असे. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी ती फीत करायला बसले. एका दुपारचे काम म्हणून हाती घेतलेल्या या गोष्टीला प्रत्यक्षात सुमारे तीन आठवडे लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ ध्वनिमुद्रणात नव्हे, तर काय बोलायचे हे ठरवण्यात गेला.

पहिला मसुदा मी नेहमीच्या सवयीने लिहिला. त्यात नाव, पदवी, अनुभवाची वर्षे, कोणकोणत्या इयत्ता, कोणकोणते विषय, गणिताची आवड मला लहानपणापासून कशी आहे, मी प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष कसे देते, शिकवण्याच्या वेळा आणि शेवटी संपर्क साधण्याची विनंती असे सर्व काही होते. मोजले तेव्हा ते १३१ शब्द भरले. घड्याळ लावून नेहमीच्या गतीने वाचले, तर एक मिनिट तीन सेकंद लागले. मग मी तोच मजकूर घाईघाईने वाचून पाहिला. चाळीस सेकंदांच्या आत तो तरीही आला नाही, आणि ऐकताना एखादी सूचना वाचून दाखवावी तसा वाटला. गती वाढवून ही अडचण सुटणार नव्हती. शब्दच निम्म्याहून कमी करायला हवे होते.

म्हणून मी आधी शब्दांची मर्यादा ठरवली. वर्तमानपत्रातला शंभर शब्दांचा एक उतारा मुलांशी बोलते त्या गतीने मोठ्याने वाचला. त्याला ४८ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १२५ शब्द. हा माझा वेग आहे. दुसऱ्या कोणाचा तो ११० असेल किंवा १४० असेल, त्यामुळे हे मोजमाप ज्याचे त्याने करावे. तीस सेकंदांपैकी सुरुवातीचे एक आणि शेवटचे एक सेकंद मी मोकळे सोडले, कारण बटण दाबल्याचा टक असा आवाज सुरुवातीला येतो आणि तो कापावा लागतो, तर शेवटी फीत तीस सेकंदांच्या किंचित पुढे गेली की ती सरळ तोडली जाते. माझी एक फीत ३०.४ सेकंदांची झाली होती, आणि तिच्या अखेरच्या ‘करू’ या शब्दातला ‘रू’ कायमचा नाहीसा झाला. उरलेल्या २८ सेकंदांत माझ्या गतीने ५८ शब्द बसतात. लिखित पानावर हे साधारण पाच-सहा ओळी होतात, आणि तेवढ्या ओळी समोर ठेवल्या की कोणती गोष्ट राहील आणि कोणती जाईल, याचा निर्णय आपोआप कठोर होतो.

मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारला: हे प्रोफाइलवर लिहिलेले आहे का, आणि तिथे ते वाचणे अधिक सोयीचे आहे का? पदवी, वर्षे, इयत्तांची यादी, वेळा या सगळ्यांना उत्तर ‘हो’ असे होते. वेळा तर बदलतात, आणि लिहिलेला मजकूर दोन मिनिटांत बदलता येतो, पण फीत पुन्हा करावी लागते; म्हणून बदलणारी कोणतीही माहिती फितीत नको, हे मी नियम म्हणून स्वीकारले. मानधनाचा आकडाही त्याच कारणाने गेला. ‘वैयक्तिक लक्ष’ हे वाक्य दुसऱ्या कारणाने गेले. ते खोटे नव्हते, पण तेच वाक्य कोणताही शिक्षक बोलू शकतो, आणि ऐकणाऱ्या पालकाला त्यावरून माझ्याविषयी काहीच कळत नाही. ‘गुण नक्की वाढतील’ असे सांगण्याचा मोह मला झाला नाही, कारण ते माझ्या हातात नाही.

नाव मात्र मी ठेवले, जरी ते पडद्यावर लिहिलेले असते. माझ्या आडनावाचा उच्चार लिखाणावरून नीट करता येत नाही, आणि पहिल्या फोनवर समोरची व्यक्ती तिथेच अडखळते. नाव स्वतःच्या तोंडून ऐकवणे हे ध्वनीचे असे काम आहे, जे लिखाणाला करता येत नाही. याच विचाराने पुढची वाट दिसली. लिखाणात न मावणारी दुसरी कोणती गोष्ट माझ्याजवळ आहे? मी समजावून सांगते कसे, हीच ती गोष्ट. पालकाला आणि मुलाला खरे तर हेच जाणून घ्यायचे असते की, ही बाई चूक झाल्यावर काय करते, तिचा आवाज कसा लागतो, ती प्रश्न विचारून थांबते की स्वतःच उत्तर देऊन टाकते. म्हणून ठरवले की शिकवण्याविषयी सांगायचे नाही, तर शिकवण्याचा एक तुकडाच ऐकवायचा.

तो तुकडा निवडायला वेळ लागला नाही. अपूर्णांकांच्या सुरुवातीला असंख्य मुले एक छेद चार ही संख्या एक छेद तीनपेक्षा मोठी मानतात, कारण चार हा आकडा तीनपेक्षा मोठा आहे. ही चूक जवळजवळ प्रत्येक पालकाने आपल्या घरी पाहिलेली असते, ती अगदी थोड्या शब्दांत सांगता येते, आणि ती सुधारण्याची माझी रीत साधी आहे: सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्यायच्या, एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग करायचे, आणि मुलाला पाहू द्यायचे. त्रिकोणमितीचे उदाहरण अधिक भारदस्त वाटले असते, पण ते समजण्यासाठी ऐकणाऱ्याला आधी त्रिकोणमिती आठवावी लागली असती.

ध्वनिफितीचा दुसरा मसुदा मी लिहिला आणि माझ्या एका मैत्रिणीला फोनवर एकदाच वाचून दाखवला. ती गणिताशी संबंधित नाही, आणि मुद्दाम मी तिला आधी काही सांगितले नाही. दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून विचारले, ‘तुला काय आठवतंय?’ ती म्हणाली, ‘तू पाचवी ते आठवीला शिकवतेस. पट्ट्या कापायच्या असतात. पण ते एक छेद चार, एक छेद तीन झालं ना, तिथे मी हरवले, कोणतं मोठं तेच कळेना.’ तिचे म्हणणे ऐकून माझ्या लक्षात आले की कागदावर ¼ आणि ⅓ दिसतात तेव्हा तुलना क्षणात होते, पण कानाला ‘एक छेद’ हे दोन्हींत सारखेच ऐकू येते आणि फरकाचा शब्द शेवटी येतो. जे डोळ्यांसाठी स्पष्ट आहे, ते कानासाठी स्पष्ट असेलच असे नाही. म्हणून अपूर्णांक सांगण्याऐवजी मी वाटणी सांगितली. शेवटचा मजकूर असा झाला. त्याच्या आधी नमस्कार आणि माझे नाव-आडनाव येते:

‘पाचवी ते आठवीच्या मुलांना मी गणित शिकवते. एक पट्टी तिघांत समान वाटली, तेवढीच दुसरी चौघांत. मोठा तुकडा कोणाला मिळेल? तिघांतल्या एकाला, हे मूल लगेच सांगतं. पण तेच अपूर्णांकात लिहिलं की चुकतं. म्हणून मी आधी वाटणी करून घेते, नियम नंतर. पहिल्या तासाला मुलाची अलीकडची एक वही जवळ ठेवा. सुरुवात तिथूनच करू.’

नमस्कार आणि नावासह हे ५४ शब्द आहेत. ५८ ची मुभा असताना चार शब्द मी मुद्दाम सोडले, कारण ‘कोणाला मिळेल?’ या प्रश्नानंतर दोन सेकंद शांतता हवी होती. त्या दोन सेकंदांत ऐकणारा मनात उत्तर देतो, आणि मी थांबते हेही त्याला कळते. ध्वनिमुद्रण करताना ही शांतता मला फार लांब वाटत असे आणि मी अर्ध्या सेकंदातच पुढे जात असे. अखेरीस बोटांनी मांडीवर दोन ठोके मोजण्याची सवय केली. कागदावर मी जाणीवपूर्वक ‘सांगतं’, ‘लिहिलं’ अशी बोलीतली रूपे लिहिली होती. पहिल्या मसुद्यात ‘सांगते’, ‘लिहिले’ असे होते, आणि ते वाचताना आवाज आपोआप निबंध वाचल्यासारखा होत होता.

शेवटच्या वाक्याविषयी थोडे सांगायला हवे. तिथे बहुतेकदा ‘संपर्क साधा’ असे म्हटले जाते, पण संपर्काचे बटण त्याच पानावर असते. त्याऐवजी पहिल्या तासासाठी काय जवळ ठेवायचे ते सांगितले, तर पालकाला पहिला तास डोळ्यांसमोर दिसतो आणि मलाही तो उपयोगी पडतो. वही पाहिली की मूल नेमके कुठे अडले आहे ते मला पाच मिनिटांत कळते.

ध्वनिमुद्रणासाठी मी साध्या मोबाइलचाच वापर केला. खोलीत एक टाळी वाजवून पाहिली, तर तिचा आवाज थोडा घुमत होता, कारण भिंती उघड्या होत्या. कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसले, तेव्हा तो घुमणारा आवाज जवळजवळ गेला. कपडे आवाज शोषून घेतात आणि भिंती तो परत पाठवतात. पंखा बंद ठेवला. बोलताना पंख्याचा आवाज जाणवत नाही, पण मोबाइल शांततेत आवाजाची पातळी आपोआप वाढवतो, आणि माझ्या त्या दोन सेकंदांच्या थांबण्यात पंख्याची घरघर एकदम वर येत होती. बिनतारी इअरफोनचा माइक वापरून पाहिला आणि लगेच सोडून दिला. त्याचा माइक चालू असताना आवाज दूरध्वनीवरच्या संभाषणासारखा पातळ आणि दबलेला येतो.

सर्वांत जास्त प्रयत्न एका अक्षराने करवून घेतले. ‘पाचवी’, ‘पट्टी’, ‘पहिल्या’ हे माझे तीनही महत्त्वाचे शब्द ‘प’ने सुरू होतात, आणि ‘प’ म्हणताना ओठांतून हवेचा झोत निघतो, जो माइकवर आदळला की ‘धप्’ असा आवाज येतो. शब्द बदलण्याचा विचार केला, पण ‘पट्टी’ला चांगला पर्याय नव्हता. मग मोबाइल तोंडासमोर न धरता एक वीत अंतरावर, तोंडाच्या थोडा बाजूला उभा केला, म्हणजे आवाज माइकपर्यंत पोहोचतो आणि हवेचा झोत मात्र बाजूने निघून जातो. हे जमले की नाही ते कसे ओळखायचे, तर मुद्रण इअरफोन लावून ऐकायचे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा आवाज लपतो. उलट शब्द स्पष्ट येतात का, हे मात्र त्या छोट्या स्पीकरवरच तपासले, कारण बहुतेक पालक तिथेच ऐकणार. एकूण अकरा वेळा मुद्रण झाले आणि सातवे वापरले. आठव्यापासून पुढे उच्चार बिनचूक होते, पण आवाजात पाठांतर आले होते.

व्हिडिओ करताना मला वाटले होते की हाच मजकूर कॅमेऱ्यासमोर बोलायचा आहे. तसा एक करूनही पाहिला. त्यात माझे बोलणारे डोके तेवढे दिसत होते आणि पट्ट्यांविषयीचे शब्द ऐकू येत होते, म्हणजे चित्राला काही कामच उरले नव्हते. तेव्हा मजकूर पुन्हा बदलला. डोळ्यांना पट्ट्या दिसणार असल्याने इथे ‘एक छेद चार मोठा की एक छेद तीन?’ हा प्रश्न परत आणता आला. प्रत्येक पट्टीच्या पहिल्या भागावर ठळक अक्षरांत ⅓ आणि ¼ लिहिले, मग कानाचा गोंधळ डोळ्यांनी सोडवला. त्यानंतर ‘आकडे पाहून मुलं चार म्हणतात’ एवढे एकच वाक्य, आणि मग पाच सेकंद काहीच न बोलता दोन्ही पट्ट्या एकाखाली एक धरायच्या. शेवटची तीन वाक्ये तीच. या मजकुरात ४३ शब्द राहिले. पट्टी कॅमेऱ्यासमोर दुमडून दाखवण्याचा हट्ट मी दोन प्रयत्नांनंतर सोडला. चार भाग सहज होतात, कारण निम्म्याचे निम्मे करायचे असते. तीन समान भाग करताना हात चाचपडतात आणि त्यातच सात-आठ सेकंद जातात. म्हणून आधीच दुमडून, घडीच्या रेषांवर जाड पेनाने ओळी काढून ठेवल्या.

पहिल्या व्हिडिओत पांढऱ्या पट्ट्या माझ्या फिक्या रंगाच्या कपड्यांवर दिसतच नव्हत्या, म्हणून गडद निळा कागद घेतला आणि आकडे पांढऱ्या खडूने लिहिले. नंतर दुसरीच अडचण आली: पट्टी पुढे धरली की कॅमेरा तिच्यावर स्थिरावे आणि माझा चेहरा धूसर होई, पट्टी बाजूला घेतली की तो पुन्हा चेहरा शोधत बसे, आणि या मागेपुढे होण्यात चित्र सतत हलत राही. उपाय दोन भागांचा होता. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की अनेक मोबाइलमध्ये फोकस तिथेच बांधला जातो, आणि पट्ट्या कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे न नेता गालाच्या शेजारी, चेहऱ्याइतक्याच अंतरावर धरल्या की दोन्ही गोष्टी स्पष्ट राहतात. खिडकी समोर ठेवली, पाठीशी नाही. समोरच्या कॅमेऱ्याने मुद्रण करताना पडद्यावर आरशासारखे उलटे चित्र दिसते आणि काही मोबाइल ते तसेच जतन करतात, त्यामुळे पट्टीवरचे आकडे उलटे तर येत नाहीत ना, हे साठवलेल्या चित्रात पाहिले. मागचा कॅमेरा वापरल्यावर तो प्रश्न राहिला नाही, आणि चित्रही अधिक चांगले आले. फक्त स्वतःकडे पाहता येत नसल्याने भिंगाच्या शेजारी एक छोटी रंगीत टिकली चिकटवून तिच्याकडे पाहत बोलले.

एक गोष्ट मात्र माझ्या अगदी शेवटी लक्षात आली. मागच्या फळीवर एका विद्यार्थिनीची वही उभी होती आणि तिच्यावरचे नाव व शाळा चित्र थांबवल्यावर वाचता येत होती. तो सर्वांत चांगला जमलेला व्हिडिओ होता, तरीही मी तो टाकून दिला आणि फळी रिकामी करून पुन्हा मुद्रण केले. अनोळखी लोक पाहणार असलेल्या चित्रात मुलाची कोणतीही खूण असता कामा नये, आणि ती धूसर करून भागवण्यापेक्षा तिथे नसणेच बरे. अनेक जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात, म्हणून खाली दोन-दोन ओळींत शब्दही दिले. पाच सेकंदांच्या शांततेत ओळी रिकाम्या ठेवल्या, म्हणजे नजर पट्ट्यांवर राहते.

दोन्ही फिती लावून आता काही महिने झाले आहेत. पूर्वी पहिल्या संभाषणात पालक वेळ आणि मानधन विचारत असत; आता बरेच जण वहीचा विषय स्वतःहून काढतात, आणि दोघांनी तर वहीची छायाचित्रे आधीच पाठवली. मागच्या महिन्यात सहावीतला एक मुलगा पहिल्या तासाला दोन पट्ट्या कापून, दुमडून तयार बसला होता. त्याने मोठ्या उत्साहाने त्या दाखवल्या आणि सांगितले की, चारमधला तुकडाच मोठा येतोय. त्याच्या दोन पट्ट्यांची लांबी वेगळी होती. चार भागांची पट्टी तीन भागांच्या पट्टीच्या जवळजवळ दीडपट लांब होती. तो तास आम्ही दोघांनी त्याच प्रश्नावर घालवला की, तुलना करायची तर मूळ पट्ट्या सारख्या का हव्यात, आणि तो तास फार चांगला गेला. संध्याकाळी मी ध्वनिफीत पुन्हा ऐकली. ‘तेवढीच’ हा शब्द मी घाईत, ‘दुसरी’ला चिकटवून उच्चारला आहे, आणि ज्याला तो आधीच ठाऊक नाही त्याला तो ऐकू येणार नाही. या रविवारी कपाटासमोर बसून फीत नव्याने करणार आहे. शब्द तेच ५४, फक्त ‘तेवढीच’च्या आधी अर्ध्या सेकंदाचे थांबणे, आणि त्यासाठी लागणारे अर्धे सेकंद मी ‘नमस्कार’नंतरच्या मोकळ्या जागेतून काढले आहे.